कुलूपकाकांचं पूर्वमंजूर कर्ज

सकाळी साडेसहाला पाण्याची मोटर चालू करायची, सातला बंद करायची आणि मधल्या अर्ध्या तासात दाढी उरकायची, हा कुलूपकाकांचा चौदा वर्षांचा नेम. त्यांची खोली मोटरखोलीला खेटूनच. मोटर लागली की भिंत थरथरायची आणि भिंतीबरोबर आरसाही. चाळीस घरांना पाणी चढवता चढवता आपलं रक्त निघतं, असं ते हनुवटीवर तुरटी फिरवत म्हणायचे. बायकोला हा विनोद पाठ झाला होता. ती हसायची नाही, पण तुरटी मात्र रोज न चुकता हाताशी ठेवायची.

त्या दिवशीही असंच चाललं होतं. बायको दोन डबे भरत होती, एक यांचा आणि एक लेकीचा. लेक दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसायची. तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. तीन वर्षांचं शिक्षण, आणि फी या खोलीच्या मानाने डोंगराएवढी. त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं होतं. सगळी कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला टांगली होती. येता-जाता तिघांपैकी कुणीतरी तिला हात लावून बघायचं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

या दारावर कुणी टकटक करत नसे. काम असलं की लोक फाटकापासूनच "काका!" अशी हाक मारायचे. कुलूपकाका हे नावही इमारतीतल्या मुलांनीच ठेवलेलं. गच्ची, मीटरखोली, मागचं दार, प्रत्येक कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघत, म्हणून. काकांनी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून दार उघडलं. बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती. खांद्यावर फुगलेली पिशवी, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. दूधगाडी आत आली तेव्हा तिच्या मागोमाग ही आत शिरली होती.

काकांनी आधी तिला त्यावरून झापलं. वर जायचं तर ज्यांच्याकडे जायचं त्यांनी फोन करून सांगायला हवं, हा इथला नियम. बाईने वाद घातला नाही. बँकेकडून आलेय म्हणाली. पायऱ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि मग काकांचं खातं कुठल्या बँकेत, असं विचारलं. पगार त्याच बँकेत जमा व्हायचा.

"मग तुम्हालाही मेसेज आला असेल, काका. तुम्हाला तर घरबसल्या मंजूर आहे."

मेसेज आला होता. चार दिवसांपूर्वीच. अभिनंदन, दोन लाखांपर्यंतचं वैयक्तिक कर्ज आपल्यासाठी पूर्वमंजूर, व्याज दरमहा फक्त एक पूर्णांक एक टक्का, कागदपत्रांची गरज नाही, अटी लागू. काकांनी तो बायकोला वाचूनही दाखवला होता. बायको म्हणाली होती, मागितलं नाही आणि मंजूर झालं, हे कुठलं मंजूर? विषय तिथेच संपला होता. पण काकांनी तो मेसेज पुसला नव्हता. आयुष्यात त्यांना काहीही मागितल्याशिवाय मिळालं नव्हतं, आणि मागूनही बहुतेक वेळा नाहीच. नोकरीसाठी अर्ज, खोलीसाठी अर्ज, रजेसाठीसुद्धा अर्ज. कुणीतरी आपलं नाव बघून आपणहून होकार दिला, ही गोष्ट त्यांना मनातल्या मनात गोड लागली होती.

"मला कर्ज नकोय, ताई," ते म्हणाले.

"घ्या असं कोण म्हणतंय? नुसती ऑफर चालू ठेवायची. आज बंद होतेय. उद्या घरात शिक्षणाचं काही निघालं, कुणाचं आजारपण निघालं, तर हाताशी असावं ना?"

शिक्षण हा शब्द तिने सहज टाकला. दार उघडं होतं आणि खुंटीवरच्या पिशवीतून कॉलेजचं माहितीपत्रक दिसत होतं, एवढंच. पण नेम बरोबर लागला.

पुढचं सगळं उंबऱ्याबाहेर, पाच मिनिटांत झालं; मोटरच्या आवाजात आत बायकोला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. बाईने टॅबलेटवर आकडे भरले. मध्ये मध्ये चौकोन येत होते आणि त्यांत खुणा आधीच केलेल्या होत्या. ती बोटाने पान वर ढकलत राहिली. मग काकांसमोर टॅबलेट धरून, थोडं हसा म्हणाली आणि फोटो काढला. अर्ध्या गालाला साबण होता, तो पुसायलाही तिने वेळ दिला. काकांच्या फोनने टुण्‌ केलं.

"कोड आला असेल, काका. सांगता?"

आता इथे काकांच्या कामाबद्दल सांगायला हवं. इमारतीतली निम्मी माणसं दिवसभर कामावर. त्यांनी मागवलेल्या वस्तू दुपारी फाटकावर यायच्या. पार्सल ताब्यात देण्याआधी आणणारा कोड मागायचा. मागवणारे तो कोड काकांच्या फोनवर पाठवून ठेवायचे. दिवसाला तीस-चाळीस कोड. "काका, कोड?" म्हटलं की काका चष्मा न शोधता चार आकडे वाचायचे, पार्सल हातात यायचं आणि वहीत नोंद व्हायची. चौदा वर्षांत एक पार्सल इकडचं तिकडे झालं नव्हतं. कोड म्हणजे पोच, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ. माल आला, बघितला, पोचला.

त्यांनी आकडे वाचले. या वेळी चार नव्हे, सहा होते. तेवढा फरक त्यांच्या लक्षात आला. आकड्यांच्या खाली ओळ होती की हा कोड देऊन आपण कर्जकराराला संमती देत आहात, तो कुणालाही सांगू नका. पण काका मेसेजातले आकडेच वाचत. पार्सलाच्या मेसेजातही खाली काहीबाही लिहिलेलं असतंच.

अकराच्या सुमाराला खात्यात एक लाख दहा हजार तीनशे बावन्न जमा झाले.

काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. बाईने जाताना नंबर दिला होता, तो लावला. पलीकडून ती खुशीत म्हणाली, "अभिनंदन, काका!" मी मागितलेलं नाही, परत घ्या, असं हे सांगायला लागल्यावर ती म्हणाली, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते. ते नंतर काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नुसती रिंग वाजायची.

मग काकांनी त्यांना ठाऊक होतं ते केलं. चुकीच्या पत्त्यावर पार्सल आलं तर ते उघडायचं नाही, वापरायचं नाही, जपून ठेवायचं. ज्याचं असेल तो हिंडत हिंडत येतो आणि घेऊन जातो. आजवर प्रत्येक वेळी असंच झालं होतं. त्यांनी फाटकाच्या वहीत रीतसर नोंदही केली. तारीख, वेळ, रक्कम, आणणाऱ्याच्या रकान्यात बँकेच्या बाई. कोणी नेलं हा रकाना कोरा. बायकोला काही बोलले नाहीत. तिने एकदा नाही म्हटलेलं होतं; माल परत गेला की हसत सांगू, असा त्यांचा बेत. संध्याकाळी नेहमीसारखे त्यांनी फोनमधले दिवसभराचे मेसेज पुसले, कारण कालचा कोड आजच्यात मिसळला तर घोटाळा. त्या पुसण्यात बँकेचे तीन मेसेजही गेले. एकात कराराची प्रत होती. दुसऱ्यात हप्त्यांचं वेळापत्रक होतं. तिसऱ्यात लिहिलं होतं की कर्ज नको असल्यास तीन दिवसांच्या आत रद्द करता येईल.

तीन दिवस काका फाटकावर बसून वाट बघत होते, पार्सलचा मालक कधी येतो याची.

त्याच आठवड्यात ते लेकीबरोबर बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाचा अर्ज देऊन आले. सहकर्जदार म्हणून खाली काकांची सही. चालू असलेली इतर कर्जं या रकान्यात त्यांनी ठामपणे "नाही" लिहिलं. खोटं लिहितोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. न उघडलेलं पार्सल काही आपलं नसतं. लेक त्या दिवशी येताना बडबडत होती, गणवेश पांढरा असतो आणि डाग पडला तर रोज धुवावा लागतो वगैरे.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बायको पासबुक भरून आणायला गेली. परत आली ती पासबुक उघडं धरूनच. एका ओळीत लाखाच्या वर जमा. दुसऱ्या ओळीत चार हजार सहाशे त्रेपन्न वजा, आणि पुढे कर्ज हप्ता.

त्यानंतर जे बोलणं झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. काकांनी पार्सलाचं सांगितलं. वहीतली नोंद दाखवली. बायकोने नोंद वाचली आणि वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, दुसऱ्यांच्या चाळीस घरांची कुलपं दोनदा ओढून बघता. आपल्याच दाराचं राहिलं?"

तेवढं बोलून ती भांडी घासायला गेली. ती भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काका रजा घेऊन बँकेत गेले. कर्ज विभागाचे साहेब टक्कल पडलेले, सौम्य, सर्दीने हैराण झालेले. त्यांनी काकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांचं कौतुक. मग एक पत्रक छापून काढलं आणि काकांकडे वळवून ठेवलं. कर्जाच्या मुख्य अटी त्या एका पानावर असतात आणि सही करण्याआधी ते मागून घ्यायचं असतं, असं ते म्हणाले. काकांनी करायचं होतं ते साहेब आता करत होते. ओळीओळीवर पेन ठेवून वाचत होते.

मंजूर रक्कम एक लाख वीस हजार. त्यातून तीन टक्के प्रक्रिया शुल्क तीन हजार सहाशे, त्यावर कर सहाशे अठ्ठेचाळीस, आणि कर्जविम्याचा हप्ता पाच हजार चारशे. हे सगळं आधीच कापून उरलेले खात्यात. व्याज मात्र पूर्ण एक लाख वीस हजारांवर, आणि तेही छत्तीस महिने सपाट.

"सपाट म्हणजे?" काकांनी विचारलं.

म्हणजे हप्ते भरून तुमचं मुद्दल कमी होत गेलं तरी व्याजाचा हिशेब पहिल्या दिवशीच्याच रकमेवर, साहेबांनी समजावलं. एक पूर्णांक एक टक्का ऐकायला बारीक वाटतो. छत्तीस महिन्यांचं व्याज सत्तेचाळीस हजार पाचशे वीस. शुल्क, विमा सगळं धरून खरा दर वर्षाला एकोणतीस टक्क्यांच्या वर जातो, आणि तो आकडा पत्रकावर असतो, हा इथे. साहेबांचं पेन त्या आकड्याखाली थांबलं. मेसेजात जो आकडा असतो तो बघायचा नाही, हा बघायचा.

"आणि विमा? मी विमा कुठे मागितला?"

तो ऐच्छिक होता. चौकोनातली खूण काढता आली असती.

"खूण मी केलीच नव्हती."

"म्हणून तर काढायला हवी होती."

साहेबांनी नाक पुसलं. मग काका म्हणाले की मी त्यातला पैसाही खर्च केलेला नाही, सगळा तसाच पडून आहे, तो आजच्या आज घेऊन टाका. साहेब म्हणाले, वापरला की नाही याच्याशी संबंध नाही, खात्यात पडला त्या दिवसापासून व्याज सुरू. तीन दिवसांत आला असतात तर मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून सुटला असतात, फार तर प्रक्रिया शुल्क गेलं असतं. आता बारा हप्ते होईपर्यंत कर्ज आधी फेडायची सोय नाही. त्यानंतर फेडायचं तर शिल्लक रकमेवर चार टक्के दंड आणि वर कर. हेही पत्रकावर होतं. खालून तिसरी ओळ.

"आणि पूर्वमंजूर म्हणजे काय, साहेब? कुणी मंजूर केलं होतं मला?"

हा प्रश्न साहेबांना बहुधा कुणी विचारला नव्हता. खात्यात पगार नियमित येतो, असं संगणकाला दिसतं, ते म्हणाले. मग तो यादी काढतो. तुमचं घर, तुमचा खर्च, तुम्हाला हवंय की नको, यातलं त्याला काही माहीत नसतं. तक्रार करायची असेल तर करा, तुमचा हक्कच आहे, फॉर्म देतो. पण नोंदीत तुमचा कोड आहे, फोटो आहे, आणि फोटोत तुम्ही हसताय.

त्यांनी संगणक वळवून दाखवलासुद्धा. एका गालाला साबणाचा पुसट ओघळ असलेले काका स्वतःकडे बघून हसत होते.

काकांनी तक्रारीचा फॉर्म तिथेच भरला. उठताना साहेबांनी जरा आवाज उतरवून विचारलं की शैक्षणिक कर्जाचा अर्ज आलाय, ती मुलगी तुमचीच ना. काकांनी मान हलवली. साहेबांनी पुढचं सांगितलं नाही, सर्दीचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. पण काका फाटकावर चौदा वर्षं बसलेले होते. कोण काय लपवून आत चाललाय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

तीन आठवड्यांनी तक्रारीचं उत्तर आलं. ग्राहकाची संमती कोडद्वारे पडताळलेली असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. काकांनी तो मेसेज तीनदा वाचला, आकड्यांपासून नव्हे, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. फायदा काहीच नव्हता. इमारतीत कुणालाही अशी ऑफर आली की ते आता फाटकावरच अडवायचे. शेवटी हातात काय पडणार ते विचार, खरा वार्षिक दर विचार, विम्याची खूण काढ, आधी फेडलं तर काय, रद्द करायला किती दिवस. लोक "हो काका" म्हणून लिफ्टकडे जायचे. एकाने तर, काका तुम्ही बँकेत लागलात की काय, असं विचारलं. काका हसले. घरी येऊन बायकोला हे सांगितलं नाही.

कॉलेजची फी भरायला महिनाअखेरपर्यंतची मुदत होती. बायको आता कामापुरतं बोलायची. डबा झालाय, गॅस संपत आलाय. एक दिवस ती तशाच आवाजात म्हणाली, बँकेने नाही म्हटलं तर पहिल्या वर्षाची फी त्या पैशातून भरा. पडून तरी का ठेवायचे? काकांनी हिशेब मांडला. शैक्षणिक कर्जाचं व्याज याच्या निम्म्याहून कमी होतं आणि फेड लेक कमावती झाल्यावर सुरू झाली असती. इथे पगारातून दर महिन्याला चार हजार सहाशे त्रेपन्न जाणार, लेक शिकत असतानाच. पहिलं वर्ष निघेल. दुसऱ्याचं काय?

बँकेचा निरोप आला तेव्हा लेक हट्टाने बरोबर आली. तिला काकांच्या कर्जाबद्दल काही ठाऊक नव्हतं; आईनेच, पोरीला कळू देऊ नका, असं बजावलं होतं. यांच्यावर रागावूनही तेवढा आब आईने राखला. लेक बाहेर बाकावर बसली, प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतली विषयांची यादी ती पुटपुटत होती. काका एकटेच आत गेले.

साहेबांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी बसायला सांगितलं. सांगण्यासारखं थोडंच होतं. सहकर्जदाराचा पगार सतरा हजार, चालू हप्ता चार हजार सहाशे त्रेपन्न, उरलेल्या पगारात नवं कर्ज बसत नाही. शिवाय अर्जात इतर कर्ज नाही असं लिहिलेलं. ते चुकून लिहिलं गेलं असं समजून आपण पुढे काही करत नाही, एवढी सवलत साहेबांनी आपल्या अखत्यारीत दिली. दुसरा कुणी सहकर्जदार मिळाला, मुलीचा मामा, चुलता, तर अर्ज पुन्हा करता येईल. काकांनी नातेवाइकांची मनातल्या मनात मोजदाद केली. बोटंही पुरी लागली नाहीत.

साहेबांनी पत्राचा मसुदा पडद्यावर उघडला. हे पत्र अर्जदाराच्या नावे निघतं, ते म्हणाले, तुमच्या मुलीच्या हातात द्यावं लागेल. काकांनी पुढे वाकून वाचलं. या वेळी चष्मा लावून, सगळं. वर लेकीचं पूर्ण नाव, खाली अर्ज क्रमांक, मग नामंजूर. त्याखाली कारणाचा रकाना, आणि त्यात टाइप केलेलं होतं: सहकर्जदार वडिलांचे विद्यमान वैयक्तिक कर्ज.

काचेच्या दारातून लेक दिसत होती. पुस्तिकेचं पान उलटून ती काहीतरी बोटावर मोजत होती. साहेबांनी प्रिंट देण्यासाठी बोट उचललं.

काकांनी हात जोडले नाहीत. आवाजही चढवला नाही. एखाद्या भाडेकरूला उद्या पाणी उशिरा येईल असं सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले,

"साहेब, पत्रात नामंजूर एवढंच ठेवा. वडिलांमुळे, असं लिहू नका."